अंगतपंगतीचा मेसेज ग्रुपवर टाकताना या चुका टाळा

आमच्या बिल्डिंगमध्ये पंधरा घरं. गणपतीत एका शनिवारी आरतीनंतर खाली पार्किंगमध्ये सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलं, आणि ग्रुपवर मेसेज टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'प्रत्येकाने आपापल्या आवडीचा एक पदार्थ सगळ्यांना पुरेल इतका आणावा.' चौदा अंगठे आले. शनिवारी टेबलावर चार घरांचे गुलाबजाम, तीन घरांचा मसालेभात, दोन ढोकळे, एक भलं मोठं पातेलं भरून पावभाजीची भाजी (कांद्यासकट, गणपतीपुढे!) आणि पुऱ्या सगळ्या मिळून साठ. पुऱ्या पहिल्या पंगतीतच संपल्या. गुलाबजाम पुढे तीन दिवस जिन्यात भेटेल त्याला वाटत होतो.

दुसऱ्या वर्षी तोच मेसेज जरा डोकं लावून लिहिला, तेव्हा कळलं की त्या एका ओळीत किती चुका होत्या.

'सगळ्यांना पुरेल इतका'

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. पंधरा घरांनी पंधरा पदार्थ प्रत्येकी बावन्न माणसांना पोटभर पुरतील असे केले, तर जेवण पंधरापट होतं. पण माणसाचं पोट तेवढंच असतं. हिशेब उलटा करायचा असतो. आधी एका पानात काय काय आणि किती वाढायचं ते ठरवायचं, त्याला माणसांनी गुणायचं आणि मग ते घरांत वाटायचं.

म्हणून पहिला मेसेज पदार्थांचा नसतोच, तो माणसं मोजण्याचा असतो. 'शनिवारी तुमच्याकडून मोठे किती, लहान किती? पाहुणे धरून सांगा. मंगळवार रात्रीपर्यंत.' एवढंच. आमच्याकडे अडतीस मोठे आणि चौदा मुलं निघाली. पंधरा घरं म्हणजे साठ माणसं असा मी धरलेला अंदाज आठाने चुकला होता.

तारीख ठरवताना गौरी बघून घ्या. गौरीपूजनाच्या दिवशी ज्यांच्याकडे गौरी आहेत त्या घरातल्या बाईला पुऱ्या तळायला सांगणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

किलो कशाचा, ते न लिहिणं

मेसेजमध्ये 'मटकीची उसळ, १ किलो' असं लिहिलं की एक घर किलोभर कोरडी मटकी भिजवतं आणि दुसरं बाजारातून किलोभर मोड आलेली आणतं. कोरडी मटकी भिजून मोड आले की वजन दुपटीच्या आसपास जातं, म्हणजे एका घराची उसळ दुसऱ्याच्या दुप्पट. श्रीखंडाचं तेच. दोन किलो श्रीखंड म्हणजे साधारण एक किलो चक्का आणि तेवढीच साखर. 'दोन किलो' वाचून कोणी दोन किलो चक्का आणला, तर श्रीखंड चार किलो होतं आणि खर्चही दुप्पट होतो.

नियम साधा आहे. शिजणाऱ्या गोष्टीचं कच्चं माप लिहायचं, मोजता येणाऱ्या गोष्टीचे नग लिहायचे, पातळ असेल तर लिटर. 'एक मोठा डबा' किंवा 'एक पातेलं' हे माप नव्हे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मध्यम पातेलं माझ्या आंघोळीच्या बादलीएवढं आहे.

पुऱ्यांचा हिशेब मला त्याच काकूंनी शिकवला. मी विचारलं, "काकू, किलोभर कणकेच्या किती पुऱ्या होतात?" त्या म्हणाल्या, "साठ-सत्तर. तू लाटल्यास तर पन्नास." मोठ्यांना पाच आणि मुलांना तीन धरल्या तर अडतीस पाचे एकशे नव्वद, चौदा त्रिक बेचाळीस, मिळून दोनशे बत्तीस. दोनशे चाळीस धरल्या, तीन घरांना ऐंशी ऐंशी. ऐंशी पुऱ्यांना सव्वा किलो कणीक लागते.

पुरी सोबत असली की भात कमी खपतो. माणशी साठ ग्रॅम तांदूळ पुरतात, म्हणजे बावन्न जणांना साधारण तीन किलो. हे एकाच घराला देऊ नका. घरातल्या पाच लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी अर्धा-पाऊण किलोच मसालेभात मोकळा होतो. त्याहून जास्त घातला की खाली गिचका आणि वर कणी. तीन घरांना एकेक किलो दिला की प्रत्येकाचे दोन कुकर होतात. तिन्ही भातांची चव वेगळी येते, त्यावर नंतर आठवडाभर चर्चा होते, पण तो या कार्यक्रमाचा भागच समजायचा.

शेवटी गेलेला मेसेज असा होता:

*शनिवारची अंगतपंगत*
आरती ७:३०, पानं ८:१५. मोठे ३८, मुलं १४.
कशातही कांदा-लसूण नाही. प्रत्येक भांड्यासोबत डाव किंवा पळी.

पुरी, ८० नग: १०२, १०३, २०१
मसालेभात, तांदूळ १ किलो: १०१, २०२, ३०१
बटाट्याची भाजी, बटाटे अडीच किलो: २०३, ४०२
मटकीची उसळ, कोरडी मटकी ६०० ग्रॅम: ३०२, ४०१
श्रीखंड, तयार २ किलो: ३०३, ५०२
काकडीची कोशिंबीर, काकडी अडीच किलो: ४०३
मठ्ठा, तयार ६ लिटर: ५०१
पत्रावळी, वाट्या, पेले, लिंबू-मीठ, पाण्याचे जार: ५०३

पुऱ्या सातनंतर तळा. कोशिंबिरीत मीठ खाली आल्यावर घाला.
अडचण असेल तर मला फोन करा, ग्रुपवर नको.

यात काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पुऱ्या खालच्या मजल्यांना दिल्या, कारण सव्वाआठला सगळी बिल्डिंग लिफ्टसमोर उभी असते आणि पुरी तोवर चामट होते. तळलेल्या पुऱ्या गरम असतानाच झाकणाच्या डब्यात कोंबल्या तरी तेच, म्हणून टोपलीत कापड घालून आणायला सांगा. कोशिंबिरीत दुपारीच मीठ पडलं तर आठ वाजता वाढप्याला पाण्यात काकडी शोधावी लागते. आणि डाव हा शब्द पहिल्या वर्षी नव्हता. बारा भांडी आली होती आणि वाढायला तीन चमचे. पावभाजीचाच चमचा गुलाबजामात गेला.

कोणाला काय झेपेल, हे ग्रुपवर विचारणं

'कोण काय करेल?' असं विचारलं की पहिल्या पाच मिनिटांत श्रीखंड, लिंबू आणि पेले जातात. पुऱ्यांना कोणी हात लावत नाही. त्यापेक्षा पाच-सहा फोन आधी करून वाटप तयारच टाकावं. फोनवर माणूस खरं बोलतो: 'त्या दिवशी मला सुट्टी नाही, सातला घरी पोचेन.' ग्रुपवर तोच माणूस अंगठा देतो आणि शनिवारी गायब होतो.

ज्या घराचं नक्की नाही, त्याला ऐनवेळी विकत मिळेल असाच पदार्थ द्यायचा. श्रीखंड संध्याकाळी सहा वाजता डेअरीत मिळतं. ऐंशी पुऱ्या मिळत नाहीत. ३०३ मध्ये दोघंही नोकरी करणारे, म्हणून श्रीखंड त्यांच्याकडे. खर्च कोशिंबिरीपेक्षा कितीतरी जास्त येतो, हे मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "पैसे घ्या, पण लाटायला सांगू नका."

५०३ मधलं कुटुंब दिगंबर जैन. त्यांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत असतं, म्हणजे ऐन गणपतीत. त्यांच्यात कोणाचा उपास असतो, कोणी सूर्यास्तानंतर जेवत नाही, बटाटा तर नाहीच. अशा घराला 'बटाट्याची भाजी' लिहून पाठवली की माफीचा फोन करावा लागतो. त्यांनाच विचारलं, तर पत्रावळी आणि पाण्याचं त्यांनी आपणहून घेतलं.

एकट्या राहणाऱ्या आजींना मात्र 'तुम्ही नुसत्या या' म्हणू नका. मी म्हटलं होतं. आमच्या ४०३ मधल्या आजींनी मग दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. अडीच किलो काकडी त्यांनी दुपारीच चोचवून ठेवली, दाण्याचं कूट वेगळ्या डब्यात आणलं, आणि दाणे न चालणाऱ्या मुलासाठी थोडी कोशिंबीर आधीच बाजूला काढली होती. हे मला सुचलं नव्हतं.

यादी सगळ्यांनी मिळून भरणं

'खालची यादी कॉपी करून आपलं नाव घाला' हा प्रकार पंधरा घरांत टिकत नाही. २०२ यादी कॉपी करते, नाव घालते, पाठवते. त्याच मिनिटाला ४०१ ने जुनी यादी उचललेली असते. तिच्या यादीत २०२ नाही. पुढचा माणूस ४०१ ची यादी उचलतो, आणि २०२ चा मसालेभात कायमचा हरवतो. दोन्ही याद्या ग्रुपवर असतात, त्यामुळे भांडणाला पुरावाही दोन्ही बाजूंना असतो.

यादीला हात एकाच माणसाचा हवा. बाकीच्यांनी फक्त 'ठीक' लिहायचं. पाठवलेला मेसेज व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, त्यानंतर बदल झाला तर आधीची यादी सगळ्यांसाठी डिलीट करून नवी टाका आणि ती पिन करा. 'वरच्या यादीत २०३ ऐवजी ३०१ वाचावे' असं लिहू नका, ते कोणी वाचत नाही. आणि वर गणपतीचा फोटो, श्लोक, शुभेच्छा असं काही नको. मेसेज लांबला की 'Read more' च्या खाली जातं ते नेमकं माप.

एवढं करूनही त्या शनिवारी पाच वाजता १०३ मधून फोन आला, मुलाला ताप आहे, पुऱ्या होणार नाहीत. मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण मग सात घरं पुऱ्या तळायला घेतात. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून पन्नास पोळ्या सांगितल्या आणि १०२ ला आणखी वीस पुऱ्या झेपतील का, एवढं विचारलं. रात्री साडेदहाला अकरा पोळ्या, अर्धा डबा भात आणि एक बिननावाची कढई उरली होती. कढई अजून माझ्याकडे आहे.