पाळी अनियमित असताना ॲपमधल्या ‘अनुकूल दिवसां’वर विसंबताना होणाऱ्या चुका

पाळीच्या केवळ तारखा भरून घेणारे ॲप स्त्रीबीज केव्हा बाहेर पडले हे पाहत नसते. मागील चक्रांच्या सरासरीवरून ते पुढच्या पाळीची तारीख काढते, तिच्यातून साधारण 14 दिवस वजा करते आणि मिळालेला दिवस व त्याआधीचे पाच दिवस गर्भधारणेला अनुकूल म्हणून रंगवून दाखवते. पाळी नियमित असेल तर हा अंदाज बऱ्यापैकी जवळ जातो. अनियमित असेल तर ही सरासरीच दिशाभूल करते.

समजा, सहा चक्रे अनुक्रमे 28, 41, 33, 46, 30 आणि 38 दिवसांची आहेत. त्यांची सरासरी 36 येते, म्हणून ॲप 17 ते 22 हे दिवस दाखवील. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ एकाच स्त्रीमध्ये सहसा फारसा बदलत नाही. चक्र लांबते ते मुख्यतः त्याआधीच्या टप्प्यामुळे. हा काळ 14 दिवसांचा धरला, तर 28 दिवसांच्या चक्रात अनुकूल दिवस 9 ते 14 होते आणि 46 दिवसांच्या चक्रात 27 ते 32. या दोन्ही वेळा, आणि 30 दिवसांच्या चक्रातही, रंगवलेल्या दिवसांपैकी एकही खरा नव्हता. म्हणून सरासरीपेक्षा सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चक्रातला फरक आधी पाहावा.

याहून गंभीर चूक म्हणजे न रंगवलेले दिवस सुरक्षित समजणे. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, त्यामुळे वरच्या 28 दिवसांच्या चक्रात दहाव्या दिवशीच्या संबंधातूनही गर्भ राहू शकला असता. मूल नको असल्यास अशा अंदाजावर गर्भनिरोधन सोपवू नये.

मूल हवे असल्यास शरीराची लक्षणे पाहावीत. योनिस्राव अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक व ताणला जाणारा झाला की अनुकूल दिवस सुरू झाल्याचे समजावे. उठण्यापूर्वी मोजलेले तापमान साधारण 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढून टिकले, तर स्त्रीबीज बाहेर पडून गेलेले असते. म्हणजे ही खूण मागाहून कळते. स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी वाढणारे एलएच हे संप्रेरक लघवीत ओळखणारी पट्टी उपयोगी खरी, पण पीसीओएस या संप्रेरकांच्या असंतुलनाच्या विकारात ते एरवीही वाढलेले असू शकते आणि पट्टी खोटा होकार देऊ शकते.

रक्तस्राव झाला म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडलेच, असेही नाही. ॲप मात्र तशा चक्रातही अनुकूल दिवस दाखवत राहते. चक्रे वारंवार 35 दिवसांपेक्षा लांबत असतील, तर वर्षभर वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि जाताना ॲपने वर्तवलेल्या तारखा नव्हे, तर प्रत्यक्ष पाळी आलेल्या तारखा न्याव्यात.