सोनं सोडवायला जाण्याआधी: उताऱ्याच्या फोटोवरून नेमकी रक्कम काढताना

दिवाळी जवळ आली की सराफांच्या गुजरीत गर्दी होते तशी बँकांच्या सोने तारण काउंटरवरही होते. सणाला दागिना अंगावर पाहिजे म्हणून लोक सोडवायला येतात, आणि पाच-सातशे रुपये कमी पडले म्हणून काहींना परत जावं लागतं. तारण खात्यांचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. तो कमी पडलेला आकडा बहुतेक वेळा एकाच जागी चुकलेला असतो: कर्जखात्याच्या उताऱ्यावरची शेवटची शिल्लक हीच भरायची रक्कम, असं माणूस धरून चालतो.

२०२५ च्या दिवाळीआधी मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या एका सुनेनं मोबाइलवर उताऱ्याचा फोटो पाठवला. ठुशी आणि दोन पाटल्या तारण होत्या. धनत्रयोदशी शनिवारी, १८ ऑक्टोबरला होती, म्हणून शुक्रवारी १७ ला सोडवायचं ठरलेलं. "काका, दीड लाख घेतलेले, त्यातले पाच हजार भरलेत. म्हणजे एक लाख पंचेचाळीसच राहिले की." फोटोतली शेवटची शिल्लक मात्र १,५०,०६९ होती. खरी रक्कम या दोन्हींपेक्षा वेगळी निघाली. ती कशी काढली ते क्रमानं सांगतो. तुमच्या उताऱ्यालाही हाच क्रम लावा.

सुरुवात फोटोपासून. कागद टेबलावर सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात फ्लॅश बंद करून फोटो घ्या आणि चारही कोपरे त्यात आलेत का बघा. पाठवताना साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकडे पुसट होतात आणि ३ चा ८ वाचला जातो. तिच्या पहिल्या फोटोत कागदाची खालची घडी आत दुमडलेली होती. वर छपाईची तारीख १४ ऑक्टोबर, आणि शेवटची नोंद ३१ ऑगस्टची. दर महिनाअखेरीला व्याज पडणाऱ्या खात्यात सप्टेंबरची ओळ नसेल तर कागदाचा तुकडा राहिलाय हे नक्की. तिला घडी उलगडून पुन्हा फोटो काढायला लावला, तेव्हा ३० सप्टेंबरची ओळ सापडली.

मग उताऱ्याचा माथा वाचा. तिथून चारच गोष्टी लागतात: कर्ज दिल्याची तारीख, दिलेली रक्कम, व्याजदर आणि मुदत संपण्याची तारीख. तिच्या खात्यात १० जून २०२५, दीड लाख, १०.९५ टक्के आणि पुढच्या वर्षीचा जून. दराला ३६५ नं भागलं की रोजचा दर मिळतो. इथं तो शेकडा ०.०३ येतो, म्हणजे लाखाला रोज ३० रुपये, दीड लाखाला ४५. हा रोजचा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

छापलेला दर खरंच लावला जातोय का, हे व्याजाच्या पहिल्या ओळीवरून कळतं. तिच्या उताऱ्यात ३० जूनला ९४५ रुपये व्याज नावे पडलं होतं, म्हणजे देण्यात मिळवलं होतं. ९४५ ला ४५ नं भागलं तर २१ दिवस येतात. १० ते ३० जून दोन्ही दिवस धरून मोजा, बरोबर २१. म्हणजे दर तोच आहे, आणि बँक पैसे दिल्याचा दिवस धरते. देण्याचा दिवस धरला तर भरण्याचा दिवस धरायचा नाही, ही रीत. दोन्ही टोकं धरली जात असतील तर एका दिवसाचं व्याज जास्त जातंय, तेव्हा शाखेत विचारायला संकोच करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि इथं घाई नको. प्रत्येक ओळीला मागची शिल्लक घ्या, नावे रक्कम मिळवा, जमा रक्कम वजा करा आणि समोर छापलेली शिल्लक येते का बघा. कर्जखात्यात नावे म्हणजे तुमचं देणं वाढलं, जमा म्हणजे कमी झालं. शिल्लकेपुढे Dr असेल तर तेवढं तुम्ही बँकेला देणं लागता. दीड लाखात ९४५ मिळवले, १,५०,९४५. ३१ जुलैला १,४०४ व्याज पडलं, १,५२,३४९. त्यापुढची ८ ऑगस्टची ओळ फोटोत डागाळलेली होती, भरलेली रक्कम ५,००० आहे की ६,००० ते डोळ्यांना ठरवता येईना. पण त्या ओळीची शिल्लक स्वच्छ दिसत होती, १,४७,३४९. आधीच्या शिल्लकेतून ही वजा केली की ५,००० च उरतात. पुसट आकडा अंदाजानं न वाचता असा वजाबाकीनं वाचायचा. पुढे ३१ ऑगस्टला १,३८१ मिळून १,४८,७३०, आणि ३० सप्टेंबरला १,३३९ मिळून १,५०,०६९. साखळी शेवटपर्यंत जुळली, म्हणजे आपण एकही आकडा चुकीचा वाचलेला नाही आणि मधली एकही ओळ सुटलेली नाही. कुठे जुळलं नाही तर पुढं जाऊ नका, त्याच ओळीवर थांबा. फरक बरोबर एखाद्या व्याजाएवढा किंवा भरलेल्या हप्त्याएवढा असेल तर ओळ सुटली आहे. एकाच स्थानातल्या आकड्याचा असेल तर वाचनाची चूक आहे.

त्यानंतर मुद्दल वेगळं करा. तिची समजूत होती की भरलेले पाच हजार सरळ मुद्दलातून गेले. पण भरणा आधी शुल्काला, मग व्याजाला आणि उरला तर मुद्दलाला जातो, असाच क्रम बहुतेक ठिकाणी असतो. ८ ऑगस्टपर्यंत नावे पडलेलं व्याज होतं ९४५ अधिक १,४०४, म्हणजे २,३४९. पाच हजारातले तेवढे तिथं गेले, आणि मुद्दलाच्या वाट्याला २,६५१ आले. दीड लाखातून ते वजा केले की १,४७,३४९ राहतात. ८ ऑगस्टची शिल्लकही नेमकी हीच आहे, कारण त्या दिवशी नावे पडलेलं सगळं व्याज फिटलं होतं. त्यानंतर पडलेलं ऑगस्ट आणि सप्टेंबरचं व्याज १,३८१ अधिक १,३३९, म्हणजे २,७२०. मुद्दल आणि हे व्याज मिळून १,५०,०६९, हीच ती शेवटची शिल्लक. एक लाख पंचेचाळीस हा आकडा या कागदावर कुठंच नाही. हे समजावताना तिचा चेहरा उतरला होता. पाच हजार साठवायला तिला किती महिने लागले होते ते मला माहीत होतं.

राहिलं ते साठलेलं, पण अजून नावे न पडलेलं व्याज, आणि पैसे कमी पडतात ते इथंच. उतारा १४ ऑक्टोबरला छापला म्हणून त्यात १४ तारखेपर्यंतचं व्याज असेल असं नाही. व्याज ३० सप्टेंबरपर्यंतचंच आहे. १ ऑक्टोबरपासूनचं व्याज रोज साठतंय, फक्त कागदावर आलेलं नाही. भरण्याचा दिवस सोडून १ ते १६ ऑक्टोबर असे १६ दिवस. महिन्याला व्याज शिल्लकेत मिळवणाऱ्या खात्यात पुढचं व्याज संपूर्ण शिल्लकेवर लागतं, म्हणून इथं १,५०,०६९ घ्यायचे:

```
1,50,069 × 10.95 ÷ 100 ÷ 365 × 16 = 720.33
```

म्हणजे ७२० रुपये. सोडवण्याची रक्कम १,५०,७८९: त्यात मुद्दल १,४७,३४९, नावे पडलेलं व्याज २,७२० आणि साठलेलं व्याज ७२०. हा आकडा शुक्रवारचाच. शनिवारवर गेलं तर ४५ रुपये वाढतात. बँक पूर्ण रुपयात करते की पैशांपर्यंत, यानं एखाद-दुसऱ्या रुपयाचा फरक पडेल, त्याची काळजी नको. पण महिन्याच्या मध्ये खातं बंद करताना कुणी पूर्ण महिन्याचं व्याज मागत असेल तर थांबा. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये बँकांना आणि वित्त कंपन्यांना स्पष्ट सांगितलं आहे की कर्ज जितके दिवस फेडायचं बाकी असेल तितक्याच दिवसांचं व्याज घ्यावं.

सगळ्या उताऱ्यांची ठेवण अशी नसते. अनेक वित्त कंपन्यांच्या कागदावर शिल्लक म्हणजे नुसतं मुद्दल असतं आणि आजपर्यंतचं व्याज वेगळ्या रकान्यात छापलेलं असतं. तिथं त्या व्याजाच्या तारखेपासून पुढचेच दिवस मोजा, नाहीतर एकाच व्याजाची बेरीज दोनदा होते. काही योजनांत व्याज वेळेवर न भरल्यास दर चढत जातो, तेव्हा माथ्यावरचा एकच दर धरून चालणार नाही, कर्ज घेतानाचा मंजुरीचा कागद काढावा लागेल. शुल्कंही त्याच कागदावर शोधा: मुदतीआधी बंद करण्याचं, नोटिशीचं, आणि मुदत उलटली असेल तर दंडाचं. बँक किंवा वित्त कंपनी दंड आकारत असेल तर तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तिथं त्या संस्थेचे नियम विचारून घ्या. तिच्या खात्यात मुदत शिल्लक होती आणि मुदतपूर्व शुल्क नव्हतं, म्हणून आकड्यात काही वाढलं नाही.

आदल्या दिवशी शाखेत फोन करून "उद्या खातं बंद करायचंय, उद्याच्या तारखेची रक्कम सांगा" असं विचारा. तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा शेजारी लिहा. फरक निघाला तर त्याला रोजच्या व्याजानं भागा. पूर्ण दिवस आले तर दिवस मोजण्यात घोळ आहे, नाही आले तर एखादं शुल्क आहे, त्याचं नाव विचारा. पैसे बचत खात्यातून वर्ग करणं सोयीचं, कारण चेक वटेपर्यंत दागिना मिळत नाही. ज्याच्या नावावर तारण आहे त्यानं स्वतः ओळखपत्र आणि तारणाची मूळ पावती घेऊन जायचं. पावतीवर दागिन्यांची यादी, एकूण वजन आणि निव्वळ वजन असतं. ठुशीत लाख आणि खडे असल्यानं या दोन वजनांत बराच फरक असतो. काट्यावर मिळतं ते एकूण वजन, ते पावतीवरच्या एकूण वजनाशीच ताडा.

शुक्रवारी ती दीर बरोबर घेऊन गेली. बचत खात्यात १,५१,००० ठेवले होते. शाखेच्या पडद्यावर १,५०,७८९ आले, तेवढेच वर्ग झाले आणि २११ खात्यात राहिले. पाकिटाचं सील तिच्यासमोर फोडलं, ठुशी काट्यावर ठेवली, मग पाटल्या एकेक करून. वजन जुळल्यावर तिनं सही केली, आणि खातं बंद झाल्याचा शून्य शिल्लकेचा उतारा मागून घेतला. त्याचाही फोटो तिनं मला पाठवला, चारही कोपऱ्यांसकट.