रिफॅम्पिसिनच्या प्लेटवरच्या कॉलनी: या चुका टाळा

रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर ई. कोलायच्या चार कॉलनी दिसल्या, की वहीत हमखास लिहिलं जातं, ‘औषधामुळे म्युटेशन झालं.’ हे खोडा. रात्रभर वाढलेल्या 5 मिली कल्चरमध्ये साधारण 1000 कोटी पेशी असतात, आणि एका पेशीत असा बदल होण्याची शक्यता दर पिढीला ढोबळमानाने 10 कोटींत एक. म्हणजे प्लेटवर टाकण्याआधीच प्रतिरोधक पेशी तिथे असतात. औषध फक्त बाकीच्यांना थांबवतं.

बदल एकच का पुरतो? रिफॅम्पिसिन आरएनए पॉलिमरेजच्या बीटा उपघटकातल्या एका खोबणीत बसतं आणि आरएनए बाहेर पडण्याची वाट अडवतं. दोन-तीन अक्षरं जोडली की साखळी अडते. खोबणीतलं एक अमिनो आम्ल बदललं, की औषध नीट बसत नाही आणि एन्झाइमचं काम मात्र चालू राहतं. बीटा उपघटकाचा जीन म्हणजे rpoB.

माझा खरा राग आहे तो पुढच्या चुकीवर. एका विद्यार्थ्याने एकाच कल्चरमधल्या बारा कॉलनींचं सिक्वेन्सिंग केलं. बाराही ठिकाणी 516 व्या जागी अ‍ॅस्पार्टेटऐवजी ग्लायसिन. ‘हॉटस्पॉट सापडला,’ म्हणून तो स्लाइड करून घेऊन आला. मी विचारलं, कल्चर किती होती? एक. मग ही बारा स्वतंत्र म्युटेशन्स कशी? वाढीच्या सुरुवातीलाच एका पेशीत GAC चं GGC झालं आणि तिचीच लेकरं प्लेटवर आली. म्युटेशन जितक्या लवकर होईल, तितकी भावंडं जास्त. म्हणून कल्चरागणिक कॉलनींची संख्या खूप वरखाली होते; लुरिया आणि डेलब्रुकने 1943 मध्ये याच चढउतारातून दाखवलं, की म्युटेशन निवडीआधीच झालेलं असतं. त्या विद्यार्थ्याचे दोन आठवडे आणि सिक्वेन्सिंगचे पैसे गेले, कारण वेगवेगळ्या नळ्या लावायचा कंटाळा.

मी वीस नळ्या लावते, प्रत्येकीत काहीशे पेशी टाकून. प्रत्येक नळीतून एकच कॉलनी घेते, ताज्या औषधी प्लेटवर पुन्हा रेषा ओढते आणि मगच सिक्वेन्सिंगला देते. शॉर्टकट नको.

क्रमांकांचा घोळही जुनाच. क्षयरोगाच्या जुन्या लेखांत ‘531’ म्हणतात तो ई. कोलायचा क्रमांक, क्षयाच्या जंतूच्या स्वतःच्या rpoB मध्ये तेच सेरीन 450 वर आहे. वजाबाकी 81 ची. ती न करता क्षयाच्या सिक्वेन्समध्ये 531 शोधून ‘म्युटेशन नाही’ असं लिहिणारे मी पाहिले आहेत.

औषध डीएमएसओमध्ये विरघळवा आणि उजेडापासून झाका.

rpoB मधल्या 507 ते 533 च्या पट्ट्यात काहीच नसेल, तर कॉलनी फेकू नका. ई. कोलायमध्ये 146 च्या जागीही बदल सापडतो. तो भाग वेगळ्या प्रायमरने वाचा.