एस-प्लेनमधून झेड-प्लेनमध्ये जाताना या चुका टाळा

कंट्रोलची गणितं एस-प्लेनवर नीट बसलेली असतात. पोल डावीकडे असतात, मार्जिन चांगलं असतं. तोच कंट्रोलर मायक्रोकंट्रोलरवर चढवला की मोटर जागच्या जागी डोलायला लागते आणि ते डोलणं हळूहळू वाढत जातं. अशा वेळी बहुतेक जण आधी सेन्सर तपासतात, मग वायरिंग, मग कोड. माझ्या अनुभवात दोष बऱ्याचदा त्याच्याही आधीच्या पायरीवर असतो. सॅम्पलिंग आलं की स्थिरतेची सीमारेषा बदलते. ती कशी बदलते हे पाठ असतं, पण का बदलते हे डोक्यात पक्कं नसतं, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथून सुरू होतात.

म्हणून आधी ते "का" बघू. सततच्या सिस्टीममधला एक पोल `s` म्हणजे आउटपुटमधला `e^(st)` असा एक घटक. आपण दर `T` सेकंदांनी एकदाच बघतो, म्हणजे `t = kT` या क्षणांनाच. त्या क्षणांना हा घटक `e^(skT)`, म्हणजेच `(e^(sT))^k` दिसतो. ही साधी भूमितीय श्रेणी आहे आणि तिचं गुणोत्तर `z = e^(sT)` आहे. भूमितीय श्रेणी कधी विझते? गुणोत्तराचं परिमाण 1 पेक्षा कमी असेल तेव्हा. युनिट सर्कल येतं ते इथून.

आता `s = σ + jω` घ्या. मग `|z| = e^(σT)` आणि `z` चा कोन `ωT`. परिमाण फक्त `σ` वर अवलंबून आहे, म्हणून एस-प्लेनमधली प्रत्येक उभी रेषा झेड-प्लेनमध्ये मूळबिंदूभोवतीचं एक वर्तुळ होते. `σ = 0` ची रेषा, म्हणजे काल्पनिक अक्ष, त्रिज्या 1 च्या वर्तुळावर गुंडाळली जाते. तिच्या डावीकडचं सगळं आत जातं आणि उजवीकडचं बाहेर. डावीकडे फार लांब असलेले, म्हणजे फार लवकर विझणारे पोल मूळबिंदूपाशी गोळा होतात.

चूक पहिली: झेड-प्लेनमध्येही डावं-उजवं बघणं

सवयीने नजर डावीकडे जाते. पोल `z = 0.5` वर दिसला की "उजवीकडे आहे" म्हणून माणूस दचकतो. वास्तविक `0.5^k` प्रत्येक सॅम्पलला निम्मा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट `z = -1.2` डावीकडे आहे, पण तो दर सॅम्पलला चिन्ह बदलत फुगत जातो.

हीच चूक राउथच्या तक्त्यातून लपून येते. `z² + 2.5z + 1` या बहुपदीचे सगळे सहगुणक धन आहेत, त्यामुळे राउथ त्याला बिनधास्त पास करतो. याची मुळं मात्र `-0.5` आणि `-2` आहेत, आणि `-2` वर्तुळाच्या बरंच बाहेर आहे. राउथ उभ्या रेषेची तपासणी करतो, त्याला वर्तुळ माहीतच नाही. तोच वापरायचा असेल तर आधी `z = (1 + w)/(1 - w)` ठेवून वर्तुळ पुन्हा सरळ रेषेत आणावं लागतं. नाहीतर सरळ जुरीची कसोटी लावावी. दुसऱ्या घाताच्या `Q(z) = z² + a₁z + a₀` साठी ती तीनच अटींत संपते: `Q(1) > 0`, `Q(-1) > 0` आणि `|a₀| < 1`.

चूक दुसरी: बंद लूपचे पोल `e^(sT)` ने मॅप करणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक, कारण तिच्यामागचा तर्क अगदी पटण्यासारखा वाटतो: "सततच्या बंद लूपचे पोल डावीकडे आहेत, `e^(sT)` डावी बाजू वर्तुळाच्या आत नेतो, म्हणजे सॅम्पलिंग केलं तरी लूप स्थिरच राहणार."

हा तर्क कुठे मोडतो ते एका उदाहरणावर बघू. प्लांट `1/(s(s+1))`, म्हणजे पोझिशन कंट्रोलमधली सोपी केलेली डीसी मोटर. साधा प्रपोर्शनल गेन `K`, युनिटी फीडबॅक. सततच्या लूपचं समीकरण `s² + s + K = 0`, जे कुठल्याही धन `K` ला स्थिर आहे. `K = 2.5` घेतला तर पोल `-0.5 ± j1.5` येतात. `T = 1` सेकंद धरून ते मॅप केले तर `|z| = e^(-0.5)`, साधारण 0.61. वर्तुळाच्या चांगलंच आत.

आता खरोखर सॅम्पलर आणि झिरो-ऑर्डर होल्ड बसवा. होल्डसकट प्लांटचं डिस्क्रीट रूप असं येतं:

`G(z) = (0.3679z + 0.2642) / ((z - 1)(z - 0.3679))`

छेद नीट बघा. प्लांटचे पोल `0` आणि `-1` बरोबर `e^(sT)` नेच गेलेत: `1` आणि `0.3679`. अंशातला झिरो मात्र मूळ प्लांटमध्ये नव्हताच, तो होल्डमुळे जन्माला आला. बंद लूपचे पोल अंश आणि छेद एकत्र येऊन ठरतात, म्हणून त्यांना `e^(sT)` चा नियम लागू पडत नाही. बंद लूपचं समीकरण होतं:

`z² + (0.3679K - 1.3679)z + (0.3679 + 0.2642K) = 0`

जुरीच्या तीन अटींपैकी इथे आवळणारी अट `a₀ < 1` ही आहे. तिच्यातून `K < 2.39` मिळतं. म्हणजे `K = 2.5` ला लूप अस्थिर आहे, `|z|` सुमारे 1.014.

```python
import numpy as np
K = 2.5
d = [1, 0.36788*K - 1.36788, 0.36788 + 0.26424*K]
print(abs(np.roots(d)))   # दोन्ही सुमारे 1.014
```

कारण समजायला फेज मार्जिन पुरेसं आहे. सततच्या लूपचा क्रॉसओव्हर सुमारे 1.43 रेडियन प्रति सेकंदावर येतो आणि तिथे मार्जिन साधारण 35 अंश असतं. होल्ड सिग्नलला सरासरी अर्धा सॅम्पल, म्हणजे इथे अर्धा सेकंद उशीर करतो. त्या फ्रिक्वेन्सीला अर्धा सेकंद म्हणजे सुमारे 41 अंश. पस्तीसातून एक्केचाळीस गेले, हातात काही उरलं नाही. `T` 0.1 सेकंदावर आणला तर हीच मर्यादा `K` = 20 च्या थोडी वर जाते. `K = 2.5` ला `|z|` 0.957 येतो. तो परत एस-प्लेनमध्ये नेला तर `σ` सुमारे -0.44 मिळतो. दहापट वेगाने सॅम्पलिंग करूनही -0.5 मिळत नाही, त्याच्या जवळ मात्र पोचतो.

ही चूक सिम्युलेशनमधूनही निसटते. 1.014 म्हणजे दर सॅम्पलला दीड टक्क्याहून कमी वाढ, आणि दुप्पट व्हायला जवळपास 50 सॅम्पल लागतात. वीस सेकंदांचा आलेख काढून "थोडं डोलतंय, विझेल हळूहळू" म्हणून पुढे जाणारे मी बरेच पाहिले आहेत. आलेखाकडे नुसतं बघू नका. लागोपाठच्या दोन शिखरांच्या उंचीचं गुणोत्तर काढा. शिखरं सॅम्पलांच्या मध्ये पडत असतील तर बऱ्याच शिखरांवर सरासरी घ्या. गुणोत्तर 1 च्या वर असेल तर वाट बघून उपयोग नाही. हार्डवेअरवर हे डोलणं अनेकदा एका ठरावीक उंचीवर थांबतं, कारण ड्रायव्हर सॅच्युरेट होतो. ते स्थिर झालेलं नसतं, फक्त त्याला वाढायला व्होल्टेज उरलेलं नसतं.

चूक तिसरी: `z` वरून एकच `s` ओळखता येतो असं धरणं

कोन `ωT` आहे, आणि कोन 360 अंशांनी पुन्हा तिथेच येतो. त्यामुळे `ω` मध्ये `2π/T` मिळवलं तरी `z` तोच राहतो. एस-प्लेनचे आडवे पट्टे एकमेकांवर रचल्यासारखे त्याच वर्तुळावर येऊन बसतात. जाताना वाट एकच असते, परतताना मात्र असंख्य.

समजा शाफ्टला 48 हर्ट्झचं कंपन आहे आणि सॅम्पलिंग 50 हर्ट्झने होतंय. लॉगमध्ये ते 2 हर्ट्झची संथ लाट म्हणून दिसेल, आणि तुम्ही गेन कमी करत बसाल. ओळखायची युक्ती सोपी आहे: लूप उघडा, सॅम्पलिंग 55 हर्ट्झ करा. लाट खरी असेल तर ती 2 हर्ट्झलाच राहील, किंवा लूपमुळेच येत असेल तर लूप उघडताच थांबेल, आणि खोटी असेल तर 7 हर्ट्झला उडी मारेल. कंपन नेमकं 50 हर्ट्झला असेल तर 50 हर्ट्झच्या लॉगमध्ये सपाट रेषा येईल, म्हणून संशय असेल तेव्हा ऑसिलोस्कोप थेट सेन्सरला लावा. यावरचा फिल्टर एडीसीच्या आधी, अॅनालॉग बाजूला बसवावा लागतो. सॅम्पल घेतल्यानंतर 48 आणि 2 मध्ये फरक करण्याजोगं काहीच शिल्लक नसतं.

चूक चौथी: वेगवान सॅम्पलिंग करून सहगुणक गोल करणं

दुसऱ्या चुकीवरचा उपाय म्हणून लोक `T` खूप लहान करतात. मग `e^(sT)` सगळे संथ पोल `z = 1` पाशी गोळा करतो, सीमेला अगदी खेटून. एक मिलिसेकंदाला सुमारे -1 चे दोन पोल 0.999 वर येतात. गुणाकार केला की `z² - 1.998z + 0.998001`. कोडमध्ये तीन दशांशांपर्यंत लिहिलं तर `z² - 1.998z + 0.998`. फरक दहा लाखात एक. पण यात `z = 1` ठेवून बघा: `1 - 1.998 + 0.998`, बरोबर शून्य. पोल आता `1` आणि `0.998` झाले. जो फिल्टर विझायला हवा होता तो इंटिग्रेटर बनला आणि त्याचं आउटपुट सरकत राहतं.

लक्षण असं की डोलणं नसतं, फक्त आउटपुट हळूहळू एका बाजूला जातं, आणि कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये ते कधीच दिसत नाही, कारण तिथे सहगुणक पूर्ण अचूकतेने असतात. म्हणून मुळं काढायची ती कोडमध्ये छापलेल्या, गोल केलेल्या आकड्यांवरून काढा. आणि बहुपदी गुणून एकत्र करण्याऐवजी फिल्टर पहिल्या घाताच्या दोन टप्प्यांत लिहा. मग प्रत्येक टप्प्यात 0.999 हा एकच आकडा राहतो आणि तीन दशांशांनीही तो जागचा हलत नाही.