व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोतून नाव-नंबर काढायचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

औद्योगिक प्रदर्शन संपलं की आमच्याकडे कार्डांचे फोटो येतात. स्टॉलवर कुणीतरी घाईघाईत काढलेले, थोडे वाकडे, कधी अंगठ्यासकट. त्यातून नाव, हुद्दा, फोन, ईमेल आणि पत्ता वेगवेगळ्या रकान्यांत भरून द्यायचा. मी या कामाला लागले तेव्हा वाटलं होतं की अक्षरं ओळखणं हाच अवघड भाग असणार. तो भाग बराचसा टेसरॅक्ट हे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर करून देतं. खरी परीक्षा असते ती ओळखलेल्या ओळीतला कुठला तुकडा कुठल्या रकान्यात जायचा, हे ठरवण्याची.

तरी आधी फोटो. आपल्याकडची बहुतेक कार्डं साधारण ९० मिमी रुंद असतात. ३०० डीपीआय हवं असेल तर कार्डाची रुंदी फोटोत हजाराहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे १,०६० पिक्सेल भरली पाहिजे. लक्षात घ्या, फोटोची नव्हे, कार्डाची रुंदी. टेबलाच्या मध्यभागी छोटंसं दिसणारं कार्ड मोठ्या फोटोतही वाचता येत नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, म्हणून पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. लॅमिनेट केलेल्या किंवा सोनेरी अक्षरांच्या कार्डावर दिव्याची चकाकी पडते. अशा वेळी कार्ड गडद कापडावर ठेवून खिडकीच्या उजेडात पुन्हा फोटो काढणं हाच उपाय. चकाकीखाली गेलेलं अक्षर नंतर कशानेच परत येत नाही.

मग ही कमांड:

```
tesseract card.png out -l eng+mar --psm 11 tsv
```

`psm 11` म्हणजे पानावर विखुरलेला मजकूर मिळेल तसा शोध. कार्डावर परिच्छेद नसतात, म्हणून मला हीच पद्धत बरी वाटते. `tsv` मागितल्यामुळे प्रत्येक शब्दासोबत त्याची जागा, उंची आणि `conf` म्हणजे खात्रीचा आकडा मिळतो. ही उंची सांभाळून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

आता एक कार्ड घेऊन सांगते. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कास्टिंग व्यावसायिकाचं हे मराठी कार्ड. नाव आणि नंबर झाकून लिहिते. सर्वात मोठ्या अक्षरांत फर्मचं नाव होतं. खाली उजवीकडे 'प्रो. श्री.' आणि मालकाचं पूर्ण नाव. त्याखाली 'मो. ९८…१२', 'का. ०२३१-२…३४/३५', 'फॅक्स …३६', एक ईमेल आणि पत्ता. तळाला बारीक अक्षरांत जीएसटी क्रमांक.

मी नवीन असताना वरून खाली वाचत भरत जायचे आणि चुकायचे. मला शिकवणाऱ्या ताईंनी क्रम उलटा करायला लावला. ज्याचं रूप ठरलेलं असतं ते आधी उचलायचं आणि बाजूला काढायचं: ईमेल, पिनकोड, फोन, जीएसटी क्रमांक. उरलेल्या ओळी मग फार थोड्या राहतात आणि त्यांत नाव, हुद्दा, फर्म ओळखणं सोपं जातं. जीएसटी क्रमांक लवकर काढायचा, कारण त्यातल्या अंकांनाही लोक फोन समजून बसतात. तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो.

फोनच्या बाबतीत माझी चूक सांगते, कारण ती प्रत्येक नवीन माणूस करतो. '२…३४/३५' मधली तिरकी रेघ मी काढून टाकली आणि सगळे अंक जोडून एकच लांबलचक नंबर केला. ती रेघ म्हणजे 'शेवटचे दोन अंक बदला'. म्हणजे दोन नंबर: एक ३४ ने संपणारा, एक ३५ ने. ओळखायची खूण सोपी आहे. देशाचा कोड आणि सुरुवातीचा शून्य काढला की भारतातला नंबर १० अंकी उरला पाहिजे, मग तो मोबाईल असो की लँडलाइन. कोल्हापूरला २३१ आणि पुढे ७ अंक, पुण्याला २० आणि पुढे ८ अंक. बेरीज तीच. ती जुळली नाही तर काहीतरी चिकटलंय किंवा गळलंय.

मराठी अंकांत आणखी एक गंमत होते. टेसरॅक्ट कधीकधी ९ ला १ वाचतं. मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, त्यामुळे पहिलाच अंक १ आला तर लगेच कळतं. पण त्याच नंबरात पुढे ९ असेल, तर तो १ झालेला कुठल्याही नियमाने सापडणार नाही. पहिल्या अंकात ही चूक दिसली की अख्खा नंबर फोटोशी ताडून बघायचा, नुसता तो अंक दुरुस्त करून सोडायचा नाही.

नंबरापुढची खूण कधी गाळू नका. 'मो.', 'का.', 'नि.', 'फॅक्स' यांवरूनच तो मोबाईल, कार्यालयाचा, निवासाचा की फॅक्सचा हे ठरतं. इंग्रजी कार्डावर नुसतं O आणि R असतं आणि ते O पुष्कळदा शून्य होऊन नंबराला चिकटतं. कार्यालयाच्या फोनऐवजी घरचा नंबर गेला, तर रात्री कुणाच्या तरी घरी धंद्याचा फोन वाजतो.

हुद्द्याकडे वळूया. मराठी कार्डावरचं 'प्रो.' म्हणजे प्रोप्रायटर. प्राध्यापकांसाठी आपण 'प्रा.' लिहितो. एका नवीन मुलाने लेथ मशीनवाल्यांना, हार्डवेअरवाल्यांना, सगळ्यांना प्रोफेसर करून टाकलं होतं. 'ॲड.' आणि 'डॉ.' नावाआधी जातात, 'बी. ई. (सिव्हिल)' नावामागे, आणि हुद्द्याच्या रकान्यात खरोखरचा हुद्दाच: संचालक, भागीदार, प्रोप्रायटर. फर्म आणि माणूस यांत घोळ झाला तर ती जपून ठेवलेली उंची बघा. कारखान्यांच्या कार्डावर सर्वात उंच अक्षरं बहुधा फर्मची असतात, डॉक्टर-वकिलांच्या कार्डावर माणसाची.

ईमेल वाचताना rn चं m होतं आणि खालची रेघ नाहीशी होते. कार्डावर वेबसाइट छापलेली असेल तर @ नंतरचा भाग तिच्याशी जुळवून बघा. जीमेलचा पत्ता असेल तर ही सोय नाही. तिथे फोटो मोठा करून डोळ्यांनीच वाचायचं.

हे रकाने आम्ही व्हीकार्ड या संपर्काच्या फाइलमध्ये भरतो. शेवटी शिरोलीचं ते कार्ड असं झालं:

```
BEGIN:VCARD
VERSION:3.0
N:आडनाव;नाव;वडिलांचे नाव;श्री.;
FN:श्री. नाव वडिलांचे नाव आडनाव
ORG:फर्मचे नाव
TITLE:प्रोप्रायटर
TEL;TYPE=CELL:+9198XXXXXX12
TEL;TYPE=WORK:+912312XXXX34
TEL;TYPE=WORK:+912312XXXX35
TEL;TYPE=WORK,FAX:+912312XXXX36
EMAIL:sales@example.com
ADR;TYPE=WORK:;;प्लॉट, एमआयडीसी, शिरोली;कोल्हापूर;महाराष्ट्र;416122;भारत
NOTE:जीएसटी क्रमांक
END:VCARD
```

`N` मध्ये आडनाव पहिलं येतं. वडिलांचं नाव तिसऱ्या जागी. `ADR` ला सात जागा आहेत आणि पहिल्या दोन, पोस्ट बॉक्स आणि जादा पत्ता, आपल्याकडे बहुतेक रिकाम्याच राहतात. पण त्यांचे अर्धविराम गाळले तर पिनकोड शहराच्या जागी सरकतो. पत्त्याचे तुकडे पाडताना मी पिनकोडपासून मागे चालत जाते: आधी पिन, मग शहर, आणि त्याआधीचं सगळं रस्त्याच्या जागी, 'स्टेट बँकेसमोर' यासकट. ते 'समोर' गाळायचा मोह होतो, पण कुरियरवाला त्याच्याच भरवशावर पोचतो.

ज्याची जागा कळली नाही ते `NOTE` मध्ये टाका आणि ज्या शब्दाचं `conf` ६० च्या खाली आहे त्यावर खूण करा. ६० हा माझा अंदाजाने धरलेला आकडा आहे. तुमच्याकडची पन्नासेक कार्डं हाताने तपासा, चुका कुठल्या आकड्याखाली साचतात ते बघा आणि तिथे रेघ ओढा.