पारदर्शक बर्फाचा मोठा ठोकळा : घरी कसा करावा आणि पेयात कसा वापरावा

ओल्ड फॅशन्डसारखं पेय म्हणजे जवळजवळ नुसती व्हिस्की असते. त्यात चमचाभर साखरेचा पाक आणि बिटर्स या कडू अर्काचे दोन-तीन थेंब पडतात, बाकी काही नाही. तरीही पिताना त्याचा चौथा हिस्सा पाणी असतो आणि ते पाणी बर्फातून येतं. म्हणून बर्फ हा या पेयाचा एक घटकच आहे, आणि व्हिस्की निवडताना देतो तेवढंच लक्ष त्याच्याकडे द्यायला हवं.

आधी पाण्याचा हिशेब

बर्फ पेय थंड करतो तो मुख्यतः वितळून. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषतो. 25 अंशांची 60 मिली व्हिस्की शून्यावर आणायला साधारण 1400 कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे बर्फ आधीच शून्य अंशावर असेल तर त्यातला 17-18 ग्रॅम वितळणारच, मग तुकडे लहान असोत की मोठे. 45 टक्के अल्कोहोलची व्हिस्की एवढ्या पाण्याने 35 टक्क्यांवर येते.

मग मोठ्या ठोकळ्याने फरक काय पडतो? फरक पडतो तो वेगात. 5 सेंटिमीटर बाजूच्या एका ठोकळ्याचा पृष्ठभाग 150 चौरस सेंटिमीटर असतो. तेवढ्याच बर्फाचे अडीच सेंटिमीटरचे आठ तुकडे केले की तो 300 होतो. मोठा ठोकळा सावकाश वितळतो, पण त्याच कारणाने तो पेय थंडही सावकाश करतो. कोमट व्हिस्कीत थेट मोठा ठोकळा टाकला, तर पहिले घोट कोमट आणि कडक लागतात. त्यामुळे माझ्या मते कामाची वाटणी करावी : थंड करायला लहान बर्फ, थंड ठेवायला मोठा.

आणि पारदर्शकता? तिच्यामुळे पेय जास्त थंड होत नाही. पण पांढुरक्या बर्फात हवेचे बुडबुडे आणि बारीक चिरा असतात. पेय ओतताच तो तडकतो, आणि तडकला की उघडा पृष्ठभाग वाढतो. नितळ ठोकळा अखंड राहतो. शिवाय तो सुंदर दिसतो, आणि तेही मला पुरेसं कारण वाटतं.

बर्फ गोठवणं

साध्या ट्रेमध्ये पाणी सगळ्या बाजूंनी आत गोठत जातं. बर्फाचा स्फटिक हवा आणि क्षार स्वतःत घेत नाही, पुढे ढकलतो. ते सगळं मध्यभागी अडकतं आणि तिथे पांढरा गाभा तयार होतो. पाणी उकळून घेण्याचा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो, पण त्याने फार फरक पडत नाही. पाणी एकाच दिशेने गोठवलं तर मात्र पडतो. ही युक्ती कॅम्पर इंग्लिश या अमेरिकी लेखकाने 2009 मध्ये लोकांसमोर आणली आणि आज जगभरचे बार तिच्यावरच बेतलेल्या पद्धती वापरतात.

फ्रीझरमध्ये मावेल असा जाड, उष्णतारोधक भिंतींचा लहान आइस बॉक्स घ्या. त्यात 10 ते 12 सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरा. वर थोडी जागा सोडा, कारण गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. झाकण लावायचं नाही. भिंती आणि तळ थंडी अडवतात, वरचा भाग उघडा असतो, त्यामुळे पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवा-क्षार तळाशी ढकलले जातात.

18 ते 24 तासांनी पाहा. फ्रीझरप्रमाणे वेळ बदलते, म्हणून पहिल्या खेपेला मध्येच तपासत राहा. तळाचं सुमारे पाव पाणी अजून गोठलेलं नसतानाच बॉक्स बाहेर काढायचा. तो सिंकमध्ये उपडा करून ठेवा, थोड्या वेळाने लादी आपोआप सुटते. खाली पाणी असेल तर ओतून द्या. उशीर होऊन सगळंच गोठलं असेल, तर तळाचा पांढरा थर नंतर कापून टाकता येतो.

कापणं

घाई केली की काम बिघडतं ते इथेच. फ्रीझरमधली लादी उणे 18 अंशांची असते आणि तिच्यावर धुक्यासारखा पांढरा थर असतो. अशी लादी सुरी लागताच वेडीवाकडी फुटते. टॉवेलवर ठेवून तो थर विरेपर्यंत थांबा. 15-20 मिनिटांत पृष्ठभाग ओला, चकचकीत होतो आणि लादीतून पलीकडचं स्पष्ट दिसतं. आता ती कापायला तयार आहे.

पाव कापायची दातेरी सुरी घ्या आणि हवी त्या रेषेवर 3-4 मिलिमीटर खोल खाच पाडा. मग सुरी खाचेत तशीच ठेवून तिच्या पाठीवर लाटण्याने हलके ठोके द्या. लादी रेषेवर सरळ दुभंगते. बर्फ धरणाऱ्या हातात जाड मोजा हवाच.

कापण्याआधी ग्लास मोजून घ्या. 5 सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा कर्ण 7 सेंटिमीटर असतो, म्हणून ग्लास आतून किमान साडेसात सेंटिमीटर रुंद हवा. तयार ठोकळे एकमेकांना न टेकवता ट्रेवर पुन्हा गोठवा आणि घट्ट पिशवीत ठेवा. उघडे राहिले तर फ्रीझरचे वास त्यांना लागतात.

ग्लासात

मिक्सिंग ग्लासमध्ये 60 मिली व्हिस्की, 7 मिली साखरेचा पाक आणि बिटर्सचे दोन-तीन थेंब घ्या. त्यात पाणी न सुटलेला लहान बर्फ भरून घ्या. बर्फावर पाणी साचलेलं असेल तर ते आधी निथळू द्या, कारण ते पेय फारसं थंड न करता फक्त पातळ करतं. अर्धा मिनिट ढवळा आणि एकदा तरी गाळून मापात ओतून पाहा. सुरुवातीला 67-68 मिली होतं, ते आता 85 ते 90 च्या आसपास असावं. 75 च भरलं तर ढवळणं कमी पडलंय, किंवा बर्फ फ्रीझरमधून थेट आलाय. इतका गार बर्फ स्वतः तापतानाच बरीच उष्णता घेतो, म्हणून कमी वितळतो. अशा वेळी आणखी थोडं ढवळा. 95 च्या वर गेलं तर बर्फ ओला होता.

दरम्यान मोठा ठोकळा ग्लासात घालून दोन-तीन मिनिटं बाहेर ठेवा. तो चकचकीत झाला की गार पेय त्यावर ओता. कडकन आवाज आला तर ठोकळा अजून फार थंड होता. 8 सेंटिमीटर रुंदीच्या ग्लासात पेय साडेतीन सेंटिमीटरपर्यंत चढतं, म्हणजे ठोकळा तरंगत नाही. तो तळाला टेकून उभा राहतो आणि त्याचा वरचा भाग पेयाबाहेर असतो. पेय आधीच थंड असल्याने पुढचं वितळणं फक्त हवेच्या आणि हाताच्या उबेने होतं. शेवटचा घोट पहिल्यापेक्षा थोडा मऊ लागतो, पाणचट नाही.

प्रत्येक पेयाला हा ठोकळा चालत नाही. ज्युलेपसारख्या पेयात कडकपणा झपाट्याने उतरावा म्हणूनच चुरा केलेला बर्फ घालतात, तिथे मोठा तुकडा घातला तर पेय जड आणि गोड राहतं. हायबॉलसाठी त्याच लादीतून ग्लासाच्या उंचीचा लांबट तुकडा कापा आणि सोडा आधी फ्रिजमध्ये थंड करून घ्या. कोमट सोडा बर्फ तर वितळवतोच, शिवाय त्याचा फेसही लवकर उडतो.