फुली दिसेनाशी होईपर्यंत: हायपोच्या प्रयोगातून अभिक्रियेचा दर कसा काढायचा

कागदावर पेन्सिलीने एक फुली काढायची, तिच्यावर शंकुपात्र ठेवायचं, दोन द्रावणं एकत्र करायची आणि फुली दिसेनाशी होईपर्यंतचे सेकंद मोजायचे. एवढाच हा प्रयोग. पण बारावीच्या दहा जर्नलांत दहा वेगळे आलेख येतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा रसायनशास्त्रात नसतं, तर पाण्याच्या कॅनमध्ये असतं. ते कसं, ते पुढे येईल.

आधी आत काय घडतं ते पाहू. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटो स्टुडिओवाल्यांचा जुना हायपो, हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळला की गंधक सुटतं:

Na2S2O3 + 2HCl → 2NaCl + SO2 + S + H2O

गंधक पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण तरंगत राहतात, द्रावण आधी निळसर धुरकट दिसतं आणि मग ताकासारखं पांढरट-पिवळं होतं. फुली झाकायला दरवेळी साधारण तेवढंच गंधक लागतं. म्हणून ते जमायला दुप्पट वेळ लागला तर दर निम्मा होता असं धरता येतं. दर थेट मोजायची सोय आपल्याकडे नाही, म्हणून फुली दिसेनाशी व्हायला t सेकंद लागले तर १/t हाच दराचा मापदंड.

तयारीला हायपोचे १२.४ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून द्रावण ५०० मिली करा. हे ०.१ मोलार झालं, आणि प्रयोग दोनदा करायला पुरतं. द्रावण त्याच दिवशी करावं. ठेवून दिलं की ते आपोआपच किंचित गढूळ होतं. आम्ल १ मोलार हवं: साधारण १५० मिली पाण्यात १७ मिली संहत आम्ल हळूहळू ओतायचं आणि मग २०० मिलीपर्यंत पाणी भरायचं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा हवा. खिडक्या उघड्या ठेवा, कारण निघणारा सल्फर डायऑक्साइड घशाला झोंबतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी लांब बसून स्टॉपवॉच सांभाळावं.

आता पाच मिश्रणं. हायपो ५०, ४०, ३०, २० आणि १० मिली घ्या आणि प्रत्येकात पाणी घालून ५० मिली करा. पहिल्यात पाणी अजिबात नाही, शेवटच्यात ४० मिली. शंकुपात्र मात्र एकच वापरा, दरवेळी धुऊन. ते फुलीवर ठेवा, १० मिली आम्ल एकदम ओता, ओतता क्षणीच स्टॉपवॉच सुरू करा, पात्र एकदा हलवा आणि वरून सरळ खाली पाहत राहा. फुली दिसेनाशी झाली की थांबवा. पाहणारा माणूस पाचही वेळा तोच असू द्या. एकाची फुली गेली तरी दुसऱ्याला ती अजून दिसत असते, यावरून आमच्याकडे दरवर्षी वाद होतात.

एकूण ६० मिली का राखायचे? नुसतं संहतीचं गणित सोपं व्हावं म्हणून नाही. द्रव कमी असला तर त्याची उंची कमी, मग नजरेच्या वाटेत गंधकाचे कण कमी, आणि फुली उशिरा झाकली जाते. आम्लही दर वेळी तेवढंच हवं, म्हणजे बदलतो तो फक्त हायपो. एक बारकावा: आम्ल पडल्यावर पहिल्या पात्रातला हायपो ०.१ मोलार राहत नाही, ०.०८३ होतो. आलेखात संहती लिहायची तर ही लिहा.

आता पाण्याच्या कॅनची गोष्ट. नाशकातली जानेवारी, सकाळी साडेसातची बॅच. हायपो आणि आम्ल प्रयोगशाळेतच रात्रभर होतं, सुमारे २० अंशांवर. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मात्र कुणीतरी व्हरांड्यात ठेवला होता; त्यातलं पाणी १२ अंशांवर. मुलांचं पहिलं पात्र ४५ सेकंदांत झाकलं गेलं, शेवटचं ३८० सेकंदांनी. हायपो पाचपट कमी, वेळ आठ पटींहून जास्त. मुलांनी निमूटपणे अभिक्रियेची कोटी, म्हणजे दर संहतीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात बदलतो ती संख्या, १.३ लिहून टाकली. खरी गोम अशी की हायपो जितका कमी तितकं थंड पाणी जास्त, म्हणजे संहतीबरोबर तापमानही गुपचूप उतरत होतं. या अभिक्रियेचा दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे पाच-सहा अंशांचा फरकही चांगलाच जाणवतो. मार्चच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरलं तर हीच चूक उलट दिशेला होते. म्हणून तिन्ही बाटल्या तासभर एकाच टेबलावर ठेवा, आणि प्रत्येक मिश्रणाचं तापमान वहीत लिहा. पाचही तापमानं एकमेकांच्या एका अंशाच्या आत नसतील तर सुरू करू नका.

तापमान २५ अंशांवर जुळवून घेतलेले आमचे आकडे असे:

हायपो ५० मिली: ३२ सेकंद, १०००/t = ३१.३
४० मिली: ४१ सेकंद, २४.४
३० मिली: ५४ सेकंद, १८.५
२० मिली: ८३ सेकंद, १२.०
१० मिली: १८४ सेकंद, ५.४

१/t फार लहान येतो म्हणून त्याला हजाराने गुणलं आहे. आडव्या अक्षावर हायपो आणि उभ्यावर १०००/t घेतलं की बिंदू जवळपास एका सरळ रेषेवर बसतात, आणि ती रेषा शून्याजवळून जाते. हायपो ४० वरून २० वर आणला तर ही संख्या २४.४ वरून १२.० वर येते, निम्म्याला किंचित कमी. म्हणजे दर हायपोच्या संहतीच्या प्रमाणात बदलतो; हायपोच्या बाबतीत अभिक्रिया पहिल्या कोटीची. आम्लाबद्दल यातून काहीच कळत नाही, कारण आम्ल आपण बदललंच नाही.

आलेख न काढताही तपासता येतं: हायपोचे मिली आणि सेकंद यांचा गुणाकार करा. पहिल्या चौघांचे येतात १६००, १६४०, १६२०, १६६०. पाचव्याचा १८४०. हा वेगळा का? इथे तापमानाचा दोष नव्हता, आणि तो आकडा खोडायचाही नाही.

आपण धरून चाललो आहोत की फुली झाकेपर्यंत हायपोची संहती बदलत नाही. पहिल्या पात्रात हे बरंचसं खरं आहे: तेवढं गंधक सुटायला, समजा, शंभरातले पाच-सहाच भाग हायपो संपतो. पण पाचव्यात हायपोच पाचपट कमी, आणि गंधक लागतं तेवढंच. तिथे शंभरातले पंचवीस-तीस भाग वाटेतच संपतात, दर मोजणी चालू असतानाच मंदावतो आणि वेळ लांबतो. हे पडताळायचं तर फुली आधीपेक्षा फिकट काढा आणि पाचही मिश्रणं पुन्हा करा. फिकट फुली थोड्याच गंधकाने झाकली जाते, आणि पाचवा गुणाकार बाकीच्यांच्या जवळ सरकायला हवा.

मोजून झालेलं प्रत्येक मिश्रण लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ओता. आम्ल मारलं जातं आणि वास थांबतो. पात्रही तेव्हाच ब्रशने घासा. वाळलेलं गंधक काचेला धरून बसतं, आणि मग पुढच्या बॅचची फुली सुरुवातीपासूनच धूसर दिसते.